'प्रीस्ट'चा 'एल्डर' झाला तेव्हा : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : "लेख सरधोपट आहे. लोकांना कळू नये म्हणून चर्चने बायबल लोकभाषेत येऊ दिलं नाही, हे आता कुणीही लिहितं. लुथरच्या आधी जर्मनमध्ये बायबल छापून विकलं जात होतं, इंग्लंडच्या राजाकडे इंग्रजी बायबल होतं. टिंडेलचं पुस्तक भाषांतर म्हणून नाही, चुकीचं भाषांतर म्हणून जाळलं. जरा अभ्यास करून लिहा."

जर्मनचा मुद्दा मान्य, एकदम मान्य. मेंटेलिन नावाच्या छापखानेवाल्याने 1466 मध्ये स्ट्रासबर्गला जर्मन बायबल छापलं आणि धर्मसुधारक लुथरच्या जर्मन भाषांतराआधी अशा 18 आवृत्त्या निघाल्या, 1471 मध्ये व्हेनिसला इटालियनसुद्धा आलं. त्यामुळे माझं "सगळीकडे बंदी" हे वाक्य चूकच होतं, लेखातून काढलंय. पण बायबल इंग्रजीत आणणाऱ्या टिंडेलबद्दल "चुकीचं भाषांतर" हे तुम्ही जितक्या सहज लिहून टाकलंय तितकं ते सोपं नाहीये, आणि ते बघायला इंग्लंडच बरं, कारण तिथे हाताने लिहिलेलं बायबल आणि छापलेलं बायबल असे दोन्ही प्रकार एकाच कायद्याखाली सापडतात.

पहिलं हस्तलिखितवालं. ऑक्सफर्डच्या धर्मपंडित विक्लिफच्या मंडळींनी 1380च्या दशकात लॅटिनवरून अख्खं बायबल इंग्रजीत आणलं. त्याच्या पूर्ण-अपूर्ण मिळून अडीचशेच्या आसपास प्रती आजही शिल्लक आहेत, म्हणजे बंदी असलेल्या पुस्तकाच्या मानाने भरपूरच! तुम्ही म्हणता तो राजा म्हणजे सहावा हेन्री, त्याची प्रत त्याने लंडनच्या एका मठाला देऊन टाकली होती. आता 1407 मध्ये ऑक्सफर्डला ठरलेला आणि 1409 मध्ये जाहीर झालेला आर्चबिशप अरुंडेलचा नियम बघा. तो "इंग्रजी नको" असं म्हणतच नाही. कुणी स्वतःच्या मर्जीने भाषांतर करू नये, आणि विक्लिफच्या काळात किंवा नंतर केलेलं भाषांतर बिशपने किंवा धर्मसभेने मंजूर करेपर्यंत वाचू नये, एवढंच तो म्हणतो. म्हणजे लायसन्स राज. पुस्तक तेच, पण राजाच्या कपाटात असलं तर भक्ती आणि एखाद्या कारागिराच्या घरात सापडलं तर पाखंडाचा पुरावा. हे चालू शकलं कारण एक प्रत लिहायला महिनोन्महिने जायचे, प्रती कमी, त्या कुणाकडे आहेत ते शोधता यायचं.

आणि गंमत म्हणजे त्या मजकुरात चर्चला टोचेल असं फारसं काही नव्हतंच. लॅटिनवरून केल्यामुळे लॅटिनमधल्या चर्चचे ठरलेले शब्द तसेच इंग्रजीत उतरले. टोचायची ती प्रस्तावना, पण ती मोजक्याच प्रतींना जोडलेली होती. 1514 मध्ये बिशपच्या तुरुंगात मेलेल्या रिचर्ड हन या लंडनच्या व्यापाऱ्यावर मरणोत्तर पाखंडाचा खटला चालला, त्यात आरोप काढले ते त्याच्या बायबलच्या प्रस्तावनेतून.

आता टिंडेल. तो आधी परवानगीच मागायला गेला होता हे विसरू नका. 1523 मध्ये लंडनचा बिशप टनस्टॉलकडे आश्रय मागितला, मिळाला नाही, मग जर्मनी गाठली. त्याने लॅटिन बाजूला ठेवून इरॅस्मस या विद्वानाने छापलेलं मूळ ग्रीक घेतलं आणि इथे खरा लोचा झाला. याकोबाच्या पत्रातली एकच ओळ घ्या, पाचव्या अध्यायातली चौदावी : कुणी आजारी असेल तर त्याने कोणाला बोलवावं? विक्लिफवाल्यांच्या प्रतीत आहे "चर्चचे प्रीस्ट". ग्रीकमध्ये शब्द आहेत प्रेस्बिटेरॉस आणि एक्लेसिया, म्हणजे वडीलधारा माणूस आणि जमलेली मंडळी. टिंडेलने पहिल्या शब्दाला आधी "सीनियर" केलं, मग 1534च्या सुधारित आवृत्तीत "एल्डर", आणि चर्चच्या जागी "काँग्रिगेशन". म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी आता मंडळीतले वडीलधारे आले. पण ही साधी ओळ नाहीये, मरणाऱ्याला पाद्रीने तेल लावायचा जो संस्कार आहे त्याचा आधारच ही ओळ! तसंच "मेटानोइआ" या ग्रीक शब्दाचं. विक्लिफच्या प्रतीत "पेनन्स करा", म्हणजे पाद्रीसमोर कबुली, त्याने दिलेलं प्रायश्चित्त, ही अख्खी साखळी आली. टिंडेलने लिहिलं "रिपेंट", मन पालटा, त्यात पाद्रीची गरजच उरत नाही.

चर्चच्या बाजूने लिहिणाऱ्या थॉमस मोरने 1529 मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं, त्याचे मुख्य तीन शब्द होते प्रीस्ट, चर्च आणि चॅरिटी (टिंडेलने "लव्ह" केलं होतं). मोर काही बावळट नव्हता, त्याला ग्रीक येत होतं आणि इंग्रजी बायबलला त्याचा तत्त्वतः विरोधही नव्हता. त्याचं म्हणणं, शब्द दीड हजार वर्षांच्या वापरातून अर्थ घेतो, नुसता डिक्शनरीतून नाही, आणि टिंडेलने हे मुद्दाम केलंय. मला विचाराल तर मुद्दाम केलंय हे खरंच आहे. पण टिंडेलचं उत्तरही झोंबणारं होतं, की तुझा लाडका इरॅस्मससुद्धा लॅटिनमध्ये एक्लेसियाला "काँग्रेगातियो" करतो, त्याला का नाही बोललास? इरॅस्मस विद्वानांच्या लॅटिनमध्ये लिहीत होता, टिंडेल सगळ्यांना कळेल असं. तेच शब्द, वाचणारे वेगळे. म्हणून "चुकीचं भाषांतर होतं म्हणून" हे तुमचं कारण मला पुरत नाही.

छपाईने काय बदललं ते बघा. 1525 मध्ये कलोनला छपाई चालू असताना छापखान्यातले कामगार दारूच्या नशेत बोलून गेले, कॉक्लेयस नावाच्या विरोधकाला कळलं, छपाई बंद पाडली. टिंडेल छापलेले कागद घेऊन वर्म्सला पळाला आणि 1526 मध्ये खिशात मावेल असा नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, हजारोंच्या संख्येत बाहेर आला, कापडाच्या गठ्ठ्यांतून इंग्लंडमध्ये पोचला. टनस्टॉलने त्याच वर्षी लंडनच्या सेंट पॉल्स चर्चजवळ प्रती जाळल्या. नंतर त्याने अँटवर्पमध्ये पॅकिंग्टन नावाच्या व्यापाऱ्यामार्फत गठ्ठेच्या गठ्ठे विकत घेतले. हॉल या इतिहासकाराने सांगितलंय की ते पैसे टिंडेललाच गेले, त्यातून त्याचं कर्ज फिटलं आणि नवी सुधारित छपाई झाली (किस्सा थोडा रंगवलेला असेल, पण हिशोब बरोबर आहे). हस्तलिखित जाळलं की ते खरंच कमी व्हायचं, छापलेलं विकत घेतलं की मागणी वाढायची. अरुंडेलचा नियम याच्यासाठी बनलेलाच नव्हता.

टिंडेलला ऑक्टोबर 1536 मध्ये ब्रसेल्सजवळ गळा आवळून मारलं आणि मग जाळलं. वर्षभरात राजा आठव्या हेन्रीच्या परवानगीने जे इंग्रजी बायबल निघालं त्यातला नवा करार त्याचाच होता, फक्त नाव नव्हतं! मग 1543 मध्ये पार्लमेंटने कायदा केला : टिंडेलच्या नावावरचं भाषांतर बंद, आणि मान्य असलेलं बायबलसुद्धा शिकाऊ कामगार, मजूर, कारागीर आणि सामान्य बायकांनी वाचायचं नाही, घरंदाज बायकांना चालेल पण स्वतःपुरतं. आता यात भाषांतराची चूक कुठे आली? मंजूर पुस्तक होतं हो ते! म्हणजे माझा मूळ मुद्दा अगदीच हवेत नव्हता, फक्त मी तो चर्चवर ढकलला आणि इथे राजा आणि पार्लमेंट होतं.

आणि शब्दांचं म्हणाल तर 1604 मध्ये पहिल्या जेम्सच्या भाषांतरकारांना लेखी नियम मिळाला की "चर्च"चं "काँग्रिगेशन" करायचं नाही. 1611 च्या आवृत्तीत ती याकोबाची ओळ काढून बघा, चर्च परत आलंय, पण प्रीस्ट नाही आले, एल्डरच राहिलेत.