आम्ही दारू पीत नाही, फक्त बिअर

सकाळचे साडेसहा, वर्धा नदीचा पूल, मागं बसलेली बायको, तिच्या मांडीवर सासूबाईनं दिलेला पुरणपोळ्यांचा डबा, आणि माझ्या पोटात असं काहीतरी की मी गाडी तिसऱ्या गिअरवर ठेवून मनातल्या मनात गजानन महाराजांना नवस बोलून राहिलो होतो. पूल संपेपर्यंत थांब बाबा, एवढंच. पूल संपला, नवसही संपला, गाडी रस्त्याच्या कडेला आडवी झाली, आणि मी पाण्याची बाटली घेऊन कोणाच्या तरी पऱ्हाटीत घुसलो. भादव्याची पऱ्हाटी कमरेएवढी असते हे मला माहीत होतं, पण ती बसल्यावर किती आडोसा देते हे त्या दिवशी कळलं, म्हणजे खूप कमी देते.

धुऱ्यावरून आवाज आला, "पाव्हणे, कधी आलते?"

आता या प्रश्नाचं उत्तर कोणत्या आसनात द्यायचं हे कोणत्याच शाळेत शिकवत नाहीत. मी म्हटलं, "परवा. पोळ्याले." तो म्हणे, "बरं बरं, होऊ द्या निवांत." बरं झालं, गावात सकाळी शिट्ट्या वाजवत फिरणारं गुड मॉर्निंग पथक हल्ली दिसत नाही, नाही तर जावयाचा सत्कार ग्रामपंचायतीत झाला असता.

तर झालं असं. आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, माझ्या जन्माच्या आधीपासून. सासुरवाडी मात्र नदीपल्याड यवतमाळ जिल्ह्यात, त्यामुळं मी सासुरवाडीला जातो म्हटलं की इकडचे लोक "नातेवाईकांना भेटायला का रे?" असं डोळा मारून विचारतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर. करीला मटण आणि बाकीचं. आमचा साळा प्रमोद म्हणे, "भाऊजी, तुमी तं दारू पीत नाई, तुमच्यासाठी बिअर आणली." मी पण मोठ्या कौतुकानं सगळ्यांना सांगितलं की आपण दारूला हात लावत नाही, फक्त बिअर. स्ट्राँगच्या दोन बाटल्या. सोबत चकण्याला कच्चा कांदा, तळलेली हरभऱ्याची डाळ, शेव, मग रात्री अकरा वाजता तिखटजाळ मटण ज्याच्यावर तर्रीचा एक बोट थर. पहाटे साडेचारला पहिली घंटी, पाचला दुसरी, सव्वापाचला तिसरी, आणि सव्वासहाला मला वाटलं आता टाकी रिकामी झाली, निघू. तिथंच चुकलो.

हे काही पहिल्यांदा नव्हतं. माझं पोट तसं नऊ-दहा वर्षांपासून जावयासारखं आहे, काम कमी आणि तक्रारी जास्त. परीक्षा असो, सोयाबीनचा भाव पडो, कुठं लांब बसनं जायचं असो, त्याला आधी कळतं. मुरडा येतो, जाऊन आलं की बरं वाटतं, दोन-चार दिवस ढाळ मग दोन-चार दिवस काहीच नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी याला आयबीएस, म्हणजे चिडकं आतडं, म्हणतात असं मागंच सांगितलं होतं, मी ते "गॅस" या खात्यात टाकून विसरलो होतो. या वेळी मात्र बायकोनं धरून नेलं, आणि पुलावरचा सगळा प्रसंग तिनंच सांगितला, आवाजासकट.

डॉक्टर शेतकऱ्याच्या घरचे आहेत, त्यामुळं ते पोट पण ओलितासारखं समजावतात. म्हणे, तुझ्या आतड्यात रोज साधारण 9 लिटर पाणी उतरतं. तू पितो-खातो ते जेमतेम 2 लिटर, बाकीचे 7 लिटर लाळ, जठरातला रस, पित्त वगैरे शरीरच सोडतं. बहुतेक सगळं लहान आतडं परत ओढून घेतं, मोठ्या आतड्यात एक-दीड लिटर पोचतं, आणि तेही त्यातलं इतकं ओढतं की शेवटी बाहेर जाताना पाणी उरतं फक्त 100-200 मिली. "वावराले पाणी हळू सोडलं तं माती पिते," ते म्हणाले, "मोटर एकदम सोडली तं पाणी सरळ धुऱ्याबाहेर जाते नं? तुह्या पोटात रात्री मोटर एकदम सुटली."

दारू दोन्हीकडून मारते म्हणे. एक तर लहान आतड्याची मीठ आणि पाणी ओढायची ताकद काही वेळापुरती कमी करते, म्हणजे खाली जास्त पाणी येतं. आणि दुसरं, मोठ्या आतड्याला घाई करते, म्हणजे ते पाणी ओढायला वेळच मिळत नाही. हे धडधाकट माणसालाही होतं, म्हणून तर पिणाऱ्या गावात सकाळी संडासापुढं लाईन असते. आमच्यासारख्यांचं एवढंच की आतड्याच्या नसा आधीच चिडलेल्या, दुसऱ्याला जो गॅस जाणवत पण नाही तो आम्हाला पोटात बैल फिरल्यासारखा वाटतो. त्यात कांदा आणि हरभऱ्याची डाळ, या दोन्हींतला काही भाग वर पचतच नाही, तो खाली मोठ्या आतड्यात जाऊन जंतूंच्या हातात पडतो आणि आंबतो, आणि तर्रीतल्या तेलानं आतड्याला आणखी ढोसलं. सकाळी उठल्यावर मोठं आतडं तसंही जोरात चालू होतं, चहानं आणखी. मी वर दोन कप चहा घेतला होता. सासूबाईच्या हातचा, नाही म्हणता येत नाही.

मग मी माझं ब्रह्मास्त्र काढलं. म्हटलं, "पण डॉक्टर, मी तं दारू पेलीच नाई. बिअर."

त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागं गणित मांडलं. स्ट्राँग बिअर, 650 मिली, 8 टक्के, म्हणजे 52 मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीचा 30 मिलीचा पेग, 42.8 टक्के, म्हणजे जवळपास 13 मिली. भागाकार कर. मी केला. चार. एक बाटली म्हणजे चार छोटे पेग, दोन बाटल्या म्हणजे आठ, म्हणजे एका पव्व्यापेक्षा जास्त, कारण पव्व्यात सहाच बसतात. आमच्या आळीत ज्याला सगळे बेवडा म्हणतात तो रोज एक पव्वा घेतो. बायकोनं तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि आजही तो तिच्याकडं आहे.

वर डॉक्टर म्हणे बिअर व्हिस्कीपेक्षा जठरातून लवकर खाली उतरते, जास्त कडक दारू उलट जठराला मंद करते, आणि बिअरचा फेस म्हणजे शेवटी पोटात गॅसच. म्हणजे मी जे सौम्य म्हणून घेत होतो तेच माझ्या पोटाला नेमकं वाईट निघालं.

त्यांनी एक वही करायला सांगितली, काय पेलो, किती, सोबत काय खाल्लं, सकाळी काय झालं. मला वाटलं होतं दोष मटणाचा. पण दसऱ्यानंतर नुसतं मटण खाल्लं, बिअर नाही, कांदा नाही, तर सकाळी एकदाच आणि थोडी घाईची. दुसऱ्या एका लग्नात नदीपल्याड भरल्या पोटावर एक छोटा पेग साध्या पाण्यात घेतला, काहीच नाही. आणि गज्याच्या पार्टीत स्ट्राँग दोन, सोबत तोच चकणा, सकाळी पाच वेळा. तीन ओळीत निकाल लागला. थोडी घेतली तर बऱ्याच जणांना काही होत नाही, आयबीएसवाल्यांचं गाडं बिघडतं ते एकाच बैठकीत चार-पाच पेगच्या वर गेल्यावर, असं डॉक्टर म्हणाले आणि माझी वही पण तेच म्हणत होती.

आता प्रमोदचं सांगतो, कारण खरी गोष्ट ती आहे. करीच्या रात्री तो पण माझ्याएवढाच पेला होता. दुसऱ्या दिवशी त्याला काही नाही, पऱ्हाटीतला माझा किस्सा त्यानंच गावभर केला. तीन आठवड्यांनी त्याचा फोन, आवाज बारीक. दिवसातून आठ-नऊ वेळा, रक्त, शेंबडासारखं, आणि रात्री झोपेतून उठून जावं लागून राहिलं. मी म्हटलं माझ्यासारखंच दिसते, मेडिकलमधून जुलाब बंद व्हायची गोळी घे. नशीब माझं की त्यानं माझं ऐकलं नाही. नंतर डॉक्टरांनी मला यावरून जे झापलं ते इथं लिहीत नाही. आयबीएसचं पोट दिवसा कितीही नाचलं तरी रात्री सहसा झोपू देतं, आणि रक्त तर पाडतच नाही. रक्त आलं की ते माझ्या जातीचं दुखणं नव्हे. आणि आत सूज पेटलेली असताना ती गोळी घेतली तर कधीकधी आतडंच फुगून बसतं आणि माणूस थेट ऑपरेशनला जातो.

मग फुटलं की प्रमोदला दोन वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, घरी सगळ्यांना "मूळव्याध" सांगून ठेवलेलं. माझं आतडं दुर्बिणीतून बघितलं तर साफ दिसेल, फक्त वागणूक वाईट. त्याच्या आतड्याला खरोखर जखमा, गुदद्वाराकडून सुरू होऊन वर सरकणाऱ्या. संडासाची कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी असते, आत सूज असेल तर आकडा चढतो. आम्हा दोघांची केली. माझा आकडा 30 च्या आत, त्याचा हजाराच्या वर. पास झाल्याचा एवढा आनंद मला दहावीलाही झाला नव्हता.

दारूनं त्याला हा रोग झाला असं नाही, डॉक्टरांनी हे दोनदा सांगितलं कारण सासूबाई तोवर रडायला लागल्या होत्या. पण आतल्या अस्तराचं राखणदाराचं काम दारू ढिलं करते, जंतूंचा माल भिंतीपलीकडं जातो, आणि जिथं सूज दबून बसली आहे तिथं ती पुन्हा उठू शकते. तरी त्यांना संशय वेगळाच होता. त्यांनी विचारलं, "मेसालामाईनच्या गोळ्या रोज घेतो?"

प्रमोद म्हणे, "हाव. पेलो त्या दिवशी नाई घेत. दारूवर गोळी घेऊ नये म्हणतात नं."

"महिन्यात किती दिवस पेतो?"

खोलीत शांतता. सासरेबुवा छताकडं बघायला लागले. प्रमोदनं बोटं मोजायला सुरुवात केली आणि दोन्ही हात संपल्यावर थांबला. पोळ्याच्या आठवड्यात तर सलग पाच दिवस गोळी नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. ज्या गोळीनं दोन वर्षं आग दाबून ठेवली तीच हा माणूस सुरक्षिततेसाठी बंद करत होता. म्हणे, गोळी रोज, काही झालं तरी रोज, आणि दारू आग विझेपर्यंत अजिबात नाही. सोबत काही आठवड्यांसाठी स्टेरॉईड दिले, नागपूरला दुर्बीण करायला पाठवलं. दुर्बिणीच्या आदल्या रात्री पोट साफ करायचं औषध पेऊन प्रमोदनं मला फोन केला, "भाऊजी, तुमी त्या दिवशी पऱ्हाटीत कसं केलं असन आता समजून राहिलं."

यंदाच्या करीला आम्ही दोघं ओसरीत बसलो होतो, तो गोळी आणि निंबूसरबत, मी एक छोटा पेग पाण्यात, तोही जेवणानंतर, कांदा दूर सरकवून. सासरेबुवा येऊन म्हणे, "जवाईबापू, बिअर आणू का? बिअर का दारू हाय?" बायको आतून पर्स घेऊनच बाहेर आली.

सकाळी निघालो, पूल निवांत ओलांडला. पलीकडं तोच माणूस धुऱ्यावर डवऱ्याचं जू नीट करत होता. त्यानं हात केला, गाडी थांबली नाही बघून थोडा उभा राहिला आणि ओरडला, "पाव्हणे, औंदा नाई उतरत का?"