मासा जागा हाय की!

मुलांना पुस्तक वाचून दाखवायचं काम घरातल्या सगळ्यात रिकाम्या माणसाकडे येतं. शहापुरातल्या आमच्या घरात ते पद माझ्याकडे आहे. सुट्टीला बहीण आली, की संध्याकाळी भाचा मांडीवर चढतो, आणि आई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत कान आमच्याकडे लावून बसते. यंदा जॉन क्लासनचं 'धिस इज नॉट माय हॅट' आलं, २०१२ सालचं. पानाला एखाददुसरं वाक्य. ते मराठीत सांगत जायचं, की झालं. बहीण म्हणाली, "तुला झेपंल."

गोष्ट सांगतो एक चिमुकला मासा. डोक्यावर गोल हॅट. ती आपली नाही, एका भल्याथोरल्या माशाची आहे, आणि तो झोपलेला असताना आपण ती चोरली, हे तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. मोठा मासा बराच वेळ उठायचा नाही, असंही सांगतो.

मी हे वाचलं आणि भाचा किंचाळला, "मामा, मासा जागा हाय की!"

चित्रात मोठ्या माशाचा डोळा टक्क उघडा. मी पान उलटलं. उठलाच तर हॅट गेलेली त्याच्या ध्यानात यायची नाही, असं लहान मासा म्हणतो. चित्रात तो डोळा वर, आपल्या बोडक्या डोक्याकडे लागलेला. ध्यानात आलंच तर चोर कोण ते कळायचं नाही, म्हणतो; डोळा बारीक झालेला. आणि कळलंच, तरी मी कुठं चाललोय ते त्याला कुठून ठाऊक, म्हणेपर्यंत थोरले निघालेसुद्धा. निघेपर्यंतच्या पानांत मोठा मासा जागचा हललेला नसतो. हलतं ते एक बुबुळ आणि जरासे बुडबुडे. या पुस्तकाला २०१३ साली चित्रांसाठीचं कॅल्डेकॉट पदक मिळालं. माझ्या मते त्यातला निम्मा वाटा डोळ्याचा.

यात लहान मासा खोटं बोलत नाही. तो पुढे पोहतोय आणि जे घडतंय ते त्याच्या पाठीमागे. शब्द म्हणजे त्याला माहीत असलेलं तेवढंच. बाकीचं सगळं चित्राकडे. दोघेही पानाच्या डावीकडून उजवीकडे, एकाच दिशेने जातात, म्हणून पान उलटणाऱ्यालाच पाठलाग दिसतो.

हाल होतात ते वाचणाऱ्याचे. तोंडाने "तो गाढ झोपलाय" म्हणायचं, डोळ्यांसमोर उघडा डोळा, आणि आवाजात शंकेचा लवलेश नको. मध्येच डोळे मिचकावले किंवा "बघ हं, खरंच झोपलाय का?" असं विचारलं, की खेळ संपला. पोराला मजा येते ती आपल्याला कळलंय आणि या मोठ्या बाप्याला कळलेलं नाही याची. ती मिळावी म्हणून मी बावळटच राहायला हवं. या कामी मी कमी पडत नाही, असं बहिणीचं मत आहे.

पुढे खेकडा भेटतो. त्याने मला पाहिलं, पण तो कुणाला सांगणार नाही म्हणालाय, असं मासा खुशीत सांगतो. चित्रात खेकडा थोरल्याला नांगीनं वाट दाखवतोय. भाचा मांडीवरून पडायच्या बेतात. मग दाट, उंच पाणवनस्पतींची जागा येते. इथं मला कुणी शोधू शकणार नाही, म्हणत लहान मासा आत शिरतो, मागोमाग मोठा शिरतो, आणि शब्द बंद. पुढच्या पानांवर वाचायला काहीच नाही. नुसती झाडी, मग मोठा मासा बाहेर येतो, हॅट डोक्यावर.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "बरं झालं बाई, सुटलं बिचारं."

तिने फक्त शब्द ऐकले होते. त्या हिशेबात गोष्ट सरळच होती: माशाने हॅट लांबवली, मोठा झोपून राहिला, खेकड्याने शब्द पाळला, मासा सुखरूप पोचला. शेवटची गप्प पानं तिला मी दमलोय अशी वाटली.

"आज्जी, त्येला खाल्लं!" भाचा ओरडला.

"कोण म्हणतंय? मामानं तसं कुठं वाचलं?"

"चित्रात हाय!"

आई पिठाच्या हातानं आली. चष्मा कपाळावरून खाली घेऊन तिनं ती पानं नीट बघितली. खाल्लेलं चित्रातही नव्हतं. क्लासनने झाडीच्या आत काय झालं ते काढलेलंच नाही. नुसती हॅट परत घेऊन मोठ्याने लहान्याला सोडलं असेल, असं म्हणायलाही जागा आहे. भाच्याला ते मुळीच मान्य नव्हतं. आईनं मात्र दोन्ही बाजू ऐकून घेतल्या.

"हॅट कुणाची होती?"

"मोठ्याची."

"मग मिळाली त्येला, संपलं. पण त्या खेकड्याला कुणी काय म्हटलं न्हाई?"

भाच्याने मागची पानं उलटून खेकडा शोधला आणि तिच्यासमोर धरला. तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला.

"मला सांगायचं न्हाईस व्हय?" आई माझ्यावर ओरडली.