हिशेबनिसाला निरोप

निरोपाच्या भाषणात सत्कारमूर्तीबद्दल थोडं वाढवून बोलायचं, अशी रीत आहे. पण सत्कारमूर्तीच हिशेबनीस असेल तर वाढवणार कसं? "आपल्या दुकानाची गेली पस्तीस वर्षं अण्णांनी..." एवढंच मी म्हणालो, तोच शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, "बत्तीस."

बत्तीस केली आणि तेरजेची गोष्ट काढली. वह्या हाताने लिहायचो तेव्हाची. मार्चअखेर तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंचा ताळा, २,७०० रुपयांनी जुळेना. वडील म्हणाले, फरक तात्पुरता उचंत खात्यात टाका आणि जेवायला चला. अण्णांच्या लेखी उचंत खातं म्हणजे घरात शिरलेला अनोळखी माणूस. नाव-गाव कळल्याशिवाय त्याला झोपू देणार नाहीत. ते म्हणाले, "फरकाला नऊने भाग जातोय, म्हणजे बहुतेक अंकांची अदलाबदल झालीय. नऊशेने भागलं की तीन येतात. तेव्हा हजार आणि शतकाच्या घरात तीनाचा फरक असलेले अंक बघा." खतावणीची पानं उलटता उलटता सापडलं. रंगवाल्याचे ४,७०० कीर्दीतून उतरवताना ७,४०० झाले होते. वरण तोवर गार झालं होतं.

"आता कॉम्प्युटरमुळे ती कटकट गेली," मी म्हणालो.

"कटकट गेली, चूक नाही," अण्णा म्हणाले. "तो एकच आकडा नावे आणि जमा दोन्हीकडे टाकतो. चुकीचा असला तरी तेरीज जुळतेच! बँकेचा उतारा ताडून बघत जा."

लोक हसले. भाषण माझं चाललंय की त्यांचं, हे एव्हाना कुणालाच सांगता आलं नसतं.

मग मी ग्रॅच्युइटीचा विषय काढला. ही रक्कमही त्यांनीच मला काढून दिली होती. शेवटचा पगार २६,०००, त्याला २६ ने भागून १५ ने गुणलं की वर्षाचे १५,०००, आणि बत्तीस वर्षांचे ४,८०,०००. खाली पेन्सिलीने शेराही मारला होता: 'दुकानात दहा माणसं कधीच नव्हती. कायदा लागू नाही. द्यावी की नाही, मालकांनी ठरवावं.' स्वतःच्याच पैशावर हरकत घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

"द्यायचं ठरलंय," मी जाहीर केलं आणि चेक पुढे केला. टाळ्या पडल्या. अण्णांनी आधी तारीख पाहिली, मग अक्षरी रक्कम, मग माझी सही. शाल घेतली, नारळ घेतला. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "शाल-नारळाचं बिल?"

"घरातून आणलंय, अण्णा."

"मग दुकानाच्या खर्चात घालू नका," म्हणाले, आणि फोटोसाठी नीट उभे राहिले.