पहाटेच्या वाटीबद्दल, जरा सविस्तर

प्रतिक्रिया: पळायच्या आधी ओट्स नको, कॉर्नफ्लेक्स खा, असं सांगणारे तुम्ही पहिलेच दिसलात. साखरेचं पोतं लोकांच्या गळ्यात मारायचे किती मिळाले? फायबर आणि प्रोटीन दोन्ही ओट्समध्ये जास्त, हे शाळकरी पोरालाही कळतं. ग्रॅनोलाची वाटी ३० ग्रॅमची धरलीय, ती कुणाची भरते? आणि ओट्स रात्री भिजवून खाल्ले तर? त्यावर एक अक्षर नाही.

उत्तर:

नमस्कार. आधी तुमचं बरोबर आहे ते सांगतो. ग्रॅनोलाची वाटी ३० ग्रॅमची नसते. पळण्याआधीच्या नाश्त्यावरच्या मूळ लेखात पाकिटावरचा आकडा मी तसाच उचलला होता. काल स्वतःची वाटी काट्यावर ठेवली, ६५ ग्रॅम भरली. चूक मान्य. फक्त त्या दुरुस्तीने ग्रॅनोलाचंच नुकसान होतं, हेही बघा. मध आणि तेल लावून भाजलेल्या ग्रॅनोलात १०० ग्रॅममागे २० ग्रॅमच्या वर साखर सहज असते. म्हणजे माझ्या वाटीत तीन चमचे साखर, वर तेल वेगळं.

आता ‘किती मिळाले’बद्दल. दोन वर्षं लिहितोय, आजवर कुणी फुकट बिस्किटाचा पुडासुद्धा पाठवलेला नाही. कॉर्नफ्लेक्स मी पोवई नाक्यावरच्या दुकानातून माझ्या पैशाने आणतो. मुद्दा पटला नाही तर तसं म्हणावं, माणसाच्या खिशात हात कशाला घालायचा? साताऱ्यात आपण एकमेकांना ओळखत नसलो तरी घाटात कधीतरी समोरासमोर येणारच आहोत.

आणि साखरेचं पोतं म्हणताना तुम्ही पाकीट उलटून पाहिलं होतं का? साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये १०० ग्रॅममागे साधारण ८ ते १० ग्रॅम साखर असते. ५० ग्रॅमच्या वाटीत जेमतेम एक चमचा. तुमच्या चहात किती पडते ते तुम्हीच मोजा. चॉकलेटवाले गोळे वेगळे. त्यांत तिपटीने साखर असते आणि त्यांची शिफारस मी केलेली नाही.

कॉर्नफ्लेक्सचा खरा दोष साखरेच्या रकान्यात दिसतच नाही. मक्याचा भरडा इतका शिजवून, लाटून, भाजलेला असतो की पोटात गेल्यावर त्याचं ग्लुकोज झटपट होतं. रक्तातली साखर किती झपाट्याने वाढते ते सांगणारा त्याचा ग्लायसेमिक इंडेक्स ८०च्या आसपास, तर जाड ओट्सच्या लापशीचा ५५च्या आसपास. ऑफिसात खुर्चीवर बसायचं असेल तर हे वाईटच. मधुमेह असेल तर आणखी वाईट, तिथे डॉक्टरांनाच विचारा. पण पाऊण तासाने यवतेश्वरचा चढ चढायचा असेल तर मला हेच हवं असतं.

ओट्स काय करतात ते मी अंगावर काढलंय. माझं वजन ६२ किलो. पळण्याच्या तासभर आधी किलोमागे साधारण एक ग्रॅम कर्बोदकं पुरतात, म्हणजे ६२ ग्रॅम. तेवढी भरायला एके काळी पावणेपाचला ६० ग्रॅम ओट्स दुधात शिजवून एका केळ्याबरोबर खायचो आणि साडेपाचला निघायचो. त्या वाटीत सहा ग्रॅम फायबर. त्यातला बीटा-ग्लुकन हा भाग पाण्यात विरघळून खळीसारखा चिकट होतो आणि पोट रिकामं व्हायला वेळ लावतो. त्यात चढाला लागलं की रक्त पायांकडे वळतं, आतड्यांना कमी मिळतं. तिसऱ्या वळणापर्यंत पोट डबडबायला लागायचं, करपट ढेकर यायचे, आणि एका रविवारी तर रस्ता सोडून झाडी गाठावी लागली. आता ५० ग्रॅम कॉर्नफ्लेक्स, थोडं दूध आणि तेच केळं. कर्बोदकं जवळजवळ तितकीच, पण वाटीतलं फायबर दोन ग्रॅमच्या आत. पोट गप्प असतं. ही गोष्ट शाळकरी पोराला कळते की नाही मला माहीत नाही. मला कळायला सहा महिने लागले.

प्रोटीनचं म्हणाल तर वाटीमागे चारेक ग्रॅमचा फरक, आणि पळताना तो काही कामी येत नाही. घरी आल्यावर दोन अंडी खा, मटकीची उसळ खा, विषय संपला.

भिजवलेल्या ओट्सवर लिहिलं नाही, कारण लेख त्याबद्दल नव्हता. भिजवल्याने फायबर काही वाटीतून पळून जात नाही. दोन-अडीच तास आधी उठून खाणार असाल तर खुशाल खा, भिजवून खा नाहीतर शिजवून. तीन वाजता उठणारा माणूस मी नाही.

मूळ लेखात ३०चे ६५ केले आहेत. तुमची प्रतिक्रिया मात्र जशीच्या तशी ठेवली आहे, पैशांच्या वाक्यासकट.