गंडलंय

आमच्या ऑफिसात सॉफ्टवेअर बिघडत नाही, गंडतं. बिघडलं म्हटलं की कुठे, कधी, काय करताना, असे प्रश्न येतात. 'गंडलंय' म्हटलं की विषय संपतो आणि पुढची जबाबदारी माझी होते.

मी खरं तर पाइप-फिटिंगच्या घाऊक दुकानात स्टॉक बघतो. पण एकदा शेठचा हरवलेला पासवर्ड मी शोधून दिला (कीबोर्डखालीच चिकटवलेला होता), तेव्हापासून सॉफ्टवेअरवाल्यांकडे तक्रारीचं तिकीट टाकायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात देशपांडेकाकूंनी हाक मारली. "अरे, ते बिलांचं परत गंडलंय बघ. दहा-बारा तारखेपर्यंत बरं घेतं, मग काय होतं त्याला कोण जाणे. आणि हे सगळं या नव्या डबड्यावरच." मी त्यातला 'गंडलंय' तेवढा उचलला, पुढे 'सर' जोडलं आणि पाठवून दिला: "सर, बिलं चढत नाहीत, अर्जंट."

दोन दिवसांनी उत्तर आलं: "आमच्याकडे व्यवस्थित चालतंय. स्क्रीनशॉट पाठवावा." काकूंनी मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढून दिला. त्यात ट्यूबलाइट अगदी स्पष्ट आली होती, काकूंचा चष्माही दिसत होता. फक्त एरर तेवढी अंगठ्याखाली गेली होती.

मग शेठ तापले. "लिही त्यांना, पैसे घेताना बरं चालतं यांचं!" मी लिहिलं, "आमचा वार्षिक देखभाल करार चालू असून करार क्रमांक सोबत देत आहे." अर्थ तोच, फक्त इस्त्री केलेला.

पण इस्त्री केली म्हणून काही सापडत नाही. शेवटी काकूंच्या शेजारी स्टूल टाकून बसलो आणि म्हटलं, "तुम्ही करा, मी फक्त बघतो." काउंटरवरच्या जूनच्या बिलांची फाइल त्यांनी चढवली. ६४ बिलं. त्यातली ३८ `Invalid date` म्हणून परत आली. ती सगळी १३ तारखेपासून पुढची. उरलेली २६ निमूट आत गेली. आम्ही ३८ साठी बोंबलत होतो; खरा घोळ त्या निमूट गेलेल्या २६ मध्ये होता.

५ जूनचं बिल शोधलं, तर ते ६ मेला बसलं होतं. ९ जूनचं थेट ६ सप्टेंबरला, म्हणजे अजून न उजाडलेल्या दिवशी. फाइलमध्ये `05/06/2025` होतं. सॉफ्टवेअर आधी महिना, मग दिवस असं वाचत होतं. त्यामुळे १२ पर्यंतची प्रत्येक तारीख कुठल्या तरी महिन्याच्या ६ तारखेला जाऊन पडत होती, आणि तेरावा महिना नसल्यामुळे पुढची बिलं दारातूनच परत. ६ जूनची तीन बिलं तेवढी जागेवर होती, कारण `06/06` कसंही वाचा, तेच.

तीच फाइल काउंटरच्या जुन्या मशीनवरून चढवली, तर ६४ च्या ६४ बरोबर. दोन्हीकडे विंडोजची रीजन सेटिंग पाहिली. जुन्यावर इंडिया, नव्यावर युनायटेड स्टेट्स, जिथे तारखेत महिना आधी येतो. आमचं डबडं अमेरिकेत राहत होतं.

आता तिकीट नीट लिहिलं. विषयात 'अर्जंट' नाही, तर "फाइल चढवताना दिवस आणि महिन्याची अदलाबदल." खाली आवृत्ती, कोणत्या मशीनवर होतं, कोणत्या नाही. मग पायऱ्या: सोबतची दोनच बिलांची फाइल घ्या, एक ५ जूनचं, एक १५ जूनचं, रीजन युनायटेड स्टेट्स ठेवा, चढवा. अपेक्षित काय, घडलं काय, एकेक ओळ. परिणामात काकूंचं "जीव खालीवर होतोय" असं लिहिलं: "११ जुलैपर्यंत जीएसटीआर-१ भरायचा आहे, नव्या मशीनवरून चढवताना ६४ पैकी ३ बिलंच योग्य तारखेला बसली. १ ते ३ जूनची बिलं मागच्या, बंद झालेल्या आर्थिक वर्षात गेली आहेत." आणि शेवटी, "आपल्या चाचणीत ६/६ ची तारीख वापरली असल्यास हा दोष दिसणार नाही, ही नम्र विनंती." यात विनंती कुठे आहे, ते मलाही माहीत नाही, पण नम्र वाटलं.

तासाभरात फोन आला. पलीकडचा मुलगा जरा थांबून म्हणाला, "सर, आम्ही ६/६ च घेतली होती." सध्या रीजन बदला, चुकीची बिलं काढून पुन्हा चढवा, पुढच्या आवृत्तीत सॉफ्टवेअर मशीनची सेटिंग बघणार नाही, असं त्यानं सांगितलं.

मी ऐटीत काकूंना कारण समजावलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"दहा-बारा तारखेपर्यंत घेतं, आणि नव्या डबड्यावरच, असं मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं ना रे?"