“रीसेट केलंय ना ताई!” म्हणे

डोकं फिरलंय माझं. भाचा दहावी पास झाला, त्याला घड्याळ कबूल केलं होतं. नवं परवडेना म्हणून दादर स्टेशनच्या पुलावर, संध्याकाळच्या गर्दीत धक्के खात, वापरलेलं ॲपल वॉच घेतलं. रोख ९,००० मोजले. विकणाऱ्याने घड्याळ चालू करून दाखवलं, नवंकोरं असल्यासारखं Hello आलं. म्हटलं, माणूस नीट दिसतोय.

घरी पोराने आयफोनला जोडायला घेतलं, तर मध्येच Activation Lock! आधीच्या मालकाचा ईमेल आणि पासवर्ड द्या म्हणे. पोराचा चेहरा असा उतरला की माझ्याने बघवेना.

फोन केला तर साहेब म्हणतात, “अहो ताई, मी रीसेट केलंय ना!” अरे, घड्याळाच्या Settings मध्ये जाऊन सगळं पुसलंस, पण त्याने फक्त घड्याळातला डेटा गेला. कुलूप घड्याळात नसतंच मुळी, ते तुझ्या अकाउंटला असतं! चोराला घड्याळ वापरता येऊ नये म्हणूनच ते कुलूप आहे. तू नुसतं पुसून दिलंस, तर घेणाऱ्याची गत चोरासारखीच होणार ना?

करायचं होतं एवढंच. घड्याळ आणि फोन जवळजवळ ठेवून, फोनमधल्या Watch ॲपमध्ये All Watches उघडायचं, घड्याळासमोरच्या गोलातल्या i वर टिचकी मारायची आणि Unpair Apple Watch करायचं. पासवर्ड मागतो तो कुलूप काढायलाच. तो दिला की कुलूपही निघतं आणि घड्याळही पुसलं जातं. एवढं करायला काय जात होतं तुझं?

आणि याने आयफोन आधीच विकून टाकलेला! म्हणे, “आता माझ्या हातात काही नाही.” कसं नाही? कुठल्याही कॉम्प्युटरवर iCloud.com/find उघड, लॉगिन कर, घड्याळ निवड आणि अकाउंटमधून काढून टाक. फोन लागतच नाही त्याला. हे मी, घेणारीने, विकणाऱ्याला समजावायचं! तर पासवर्ड आठवत नाही, मग ऑफिसात आहे, मग लोकलमध्ये आहे, ऐकू येत नाही. तीन दिवस. चौथ्या दिवशी मी सरळ सांगितलं की पैसे परत दे, दादरलाच येते. तेव्हा कुठे पासवर्ड बदलून घेतला आणि घड्याळ काढलं. पाच मिनिटांत पोराचं घड्याळ जोडलं गेलं. पाच मिनिटं!

संताप माझा माझ्यावरही आहे. Hello दिसलं म्हणून पैसे दिले. कुलूप जोडतानाच कळतं, तर त्या पुलावरच पोराच्या फोनला जोडायला घ्यायला हवं होतं, मागची गर्दी कितीही ओरडली तरी. पोराचे पेढे तर केव्हाच वाटून झाले होते.