रिपीटच्या तक्त्यातली घसरण कुठून येते

"रिपीटचा तक्ता उघडा. जुन्या महिन्यांच्या गटांत परत आलेले ग्राहक चाळीस टक्के दिसतात, नव्या गटांत दहा-बारा. म्हणजे नवे ग्राहक टिकत नाहीत. दुसरं, पहिल्याच महिन्यात पंच्याऐंशी टक्के गळतात, आणि गेला तो गेला. तिसरं, सवलत दिली त्या महिन्यात सगळ्याच गटांचे आकडे उसळतात. तेव्हा गोव्यातल्या ऑनलाइन दुकानदारांनी नव्या ग्राहकांसाठीची जाहिरात थांबवावी आणि तो पैसा सवलतीत घालावा."

असा युक्तिवाद ऐकायला मिळतो. यातलं प्रत्येक निरीक्षण तक्त्यात खरोखर दिसतं, म्हणूनच तो पटतो. पण त्यातून काढलेले तिन्ही निष्कर्ष त्या निरीक्षणांतून निघत नाहीत. उदाहरणासाठी म्हापशाचं एक दुकान धरू: काजू, आमसुलं, आगळ, कुळथाचं पीठ, मसाले. आकडे मी बेतलेले आहेत, पण अशा दुकानांचे तक्ते साधारण याच वळणाचे असतात. तक्ता १२ ऑक्टोबर २०२५ रोजी काढला आहे. ओळ म्हणजे पहिली खरेदी ज्या महिन्यात झाली तो गट. पुढच्या रकान्यांत त्या गटातल्या किती टक्के लोकांनी त्यानंतरच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या महिन्यात काही घेतलं ते आहे.

| गट | ग्राहक | म१ | म२ | म३ | म४ | म५ | म६ | आजवर एकदा तरी परत |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| एप्रिल | २०० | १५ | १२ | ११ | २४ | १० | ३ | ४१ |
| मे | १६० | १५ | १० | २५ | १० | ३ | | ३८ |
| जून | १२० | १५ | २५ | १० | ३ | | | ३६ |
| जुलै | १५० | २६ | १२ | ३ | | | | ३२ |
| ऑगस्ट | २६० | १० | ३ | | | | | १२ |
| सप्टेंबर | १८० | ३ | | | | | | ३ |

पहिला मुद्दा: नवे ग्राहक टिकत नाहीत

शेवटचा रकाना वरून खाली वाचला की घसरण दिसणारच. एप्रिलच्या ग्राहकाला परत यायला सहा महिने मिळाले, ऑगस्टच्या ग्राहकाला दीड महिनाही धड नाही. हा रकाना उद्या काढा, पुढच्या वर्षी काढा, दुकान उत्तम चालू असताना काढा, तो खाली उतरतानाच दिसेल. तुलना करायची तर सगळ्या गटांना सारखीच मुदत द्यावी लागते.

त्याआधी प्रत्येक ओळीतला शेवटच्या महिन्याचा आकडा खोडून टाका. ते सगळे ३ टक्के ऑक्टोबरच्या फक्त १२ दिवसांचे आहेत, शिवाय वाटेत असलेल्या सीओडी ऑर्डरी त्यात धरलेल्याच नाहीत. अर्धवट महिना पूर्ण महिन्याशेजारी ठेवला की भलत्याच गोष्टी दिसू लागतात, आणि दर महिन्याच्या सुरुवातीला कुणीतरी त्या पाहून घाबरतंच.

आता पूर्ण झालेले पहिले दोनच महिने घ्या आणि तेवढ्या मुदतीत एकदा तरी परत आलेली माणसं मोजा. इथे म१ आणि म२ यांची नुसती बेरीज करून भागत नाही, कारण काही माणसं दोन्ही महिन्यांत येतात. प्रत्येक नाव एकदाच धरायचं. एप्रिलच्या २०० पैकी ४४ जण आले, म्हणजे २२ टक्के. मेचे १६० पैकी ३३, सुमारे २१. जूनचे १२० पैकी ३८, सुमारे ३२. जुलैचे १५० पैकी ४७, सुमारे ३१. घसरण गायब झाली, उलट चढ दिसतोय.

पण या चढावरही लगेच खूश होऊ नये. गटांचा तक्ता आणखी एका दिशेने वाचायचा असतो, आणि तीच दिशा बहुतेकांची राहून जाते: तिरकी. एप्रिलचा म४, मेचा म३, जूनचा म२ आणि जुलैचा म१, हे चारही आकडे एकाच महिन्याचे आहेत, ऑगस्टचे. त्यांत २४, २५, २५, २६ आहे. चवथ २७ ऑगस्टला होती. नेवऱ्यांसाठी काजू, घरच्या स्वयंपाकासाठी आमसुलं आणि मसाले, पुण्या-मुंबईत राहणाऱ्या गोंयकारांच्या ऑर्डरी, सगळं त्या एका महिन्यात आलं. जून आणि जुलैच्या गटांना आपल्या पहिल्या दोन महिन्यांत चवथ मिळाली, एप्रिल आणि मेला मिळाली नाही. हे ग्राहक जास्त निष्ठावान आहेत असं त्यातून ठरत नाही.

थोडक्यात, उभ्या रकान्यात ग्राहकाचं वय सारखं असतं आणि तिरक्या रेषेत बाजाराचा महिना सारखा असतो. एखादा गटच खरोखर कच्चा असेल तर त्याची आडवी ओळ शेजारच्या ओळींपेक्षा रकान्यामागून रकाना कमी राहते. एका खोक्यावरून ते कळत नाही.

ऑगस्टच्या गटाबाबत मात्र या दाव्याला अर्धा गुण द्यावा लागेल. त्याचा म१ आहे १०, बाकीच्यांचा १५ किंवा २६. सप्टेंबरची तिरकी रेषा वाचली तर एप्रिल १०, मे १०, जून १०, जुलै १२, ऑगस्ट १०, म्हणजे सप्टेंबर सगळ्यांसाठीच मंद होता. तरीही, नुकताच आलेला ग्राहक पाच महिने जुन्या ग्राहकापेक्षा थोडा जास्त परत यायला हवा होता. तो आला नाही. कारणाकडे शेवटी येतो.

दुसरा मुद्दा: गेला तो गेला

म१ मध्ये १५ म्हणजे बाकीचे ८५ सोडून गेले, हा हिशोब मोबाइलच्या मासिक रिचार्जला किंवा वर्गणीला चालतो. तिथे पैसे भरले नाहीत की ग्राहक तुटतो. दुकानात असं तुटणं कुठे नोंदलंच जात नाही. आगळाची बाटली दोन-तीन महिने पुरते. ती संपली नाही म्हणून माणूस आला नाही, यात गळती कसली?

पुरावा एप्रिलच्याच ओळीत आहे. मे महिन्यात ३० जण आले, जूनमध्ये २४, जुलैमध्ये २२ आणि ऑगस्टमध्ये ४८. गेलेले कायमचे गेले असते तर आकडा मध्येच दुपटीने वाढला नसता. आणखी एक बघा. एप्रिलच्या गटातले आजवर परत आलेले ८२ जण आहेत, त्यांतले जूनअखेरपर्यंत ४४ आले होते. उरलेल्या ३८ जणांची दुसरी खरेदी जुलैत किंवा त्यानंतर झाली. परत येणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना पहिले दोन महिने तुम्ही 'गमावलेले' म्हणत होता.

आपल्या दुकानाची खरी चाल कळायला पहिल्या आणि दुसऱ्या ऑर्डरमध्ये किती दिवस गेले ते मोजावं, आणि ते जुन्या गटांवरच मोजावं. सप्टेंबरच्या गटातले जे आजवर परत आले ते सगळे लवकर आलेलेच असणार. सावकाश येणारे अजून यायचे आहेत. हा गट धरून सरासरी काढली तर ती फसवी आखूड येते.

कॅलेंडरच्या महिन्यांचीही इथे एक खोड आहे. २९ एप्रिलला घेऊन २ मे रोजी परत आलेला ग्राहक म१ मध्ये दिसतो, आणि २ एप्रिलला घेऊन २८ एप्रिलला परत आलेला या तक्त्यात दिसतच नाही, कारण दोन्ही खरेद्या एकाच महिन्यात पडल्या. त्याऐवजी पहिल्या ऑर्डरपासून तीस-तीस दिवसांचे टप्पे करता येतात. A मध्ये ग्राहक क्रमांक, B मध्ये ऑर्डरची तारीख असेल तर C मध्ये त्याची पहिली तारीख आणि D मध्ये टप्पा:

```
C2: =MINIFS(B:B, A:A, A2)
D2: =INT((B2-C2)/30)
```

D मध्ये ० म्हणजे पहिले तीस दिवस, १ म्हणजे त्यापुढचे तीस. पहिली ऑर्डर स्वतःही ० मध्येच पडते, ती परतीत मोजू नका. या पद्धतीत तिरकी रेषा थोडी विस्कटते, म्हणून चवथ-दिवाळी शोधायला कॅलेंडरचा तक्ता आणि ग्राहकाची सवय शोधायला हा, असे मी दोन्ही ठेवतो.

तिसरा मुद्दा: सवलतीने ग्राहक टिकतो

समजा याच दुकानाने ऑगस्टमध्ये दहा टक्के सवलत दिली होती. त्या महिन्यात चारही गट उसळले हे खरं. पण चवथही त्याच महिन्यात होती. दोन गोष्टी एकाच तिरक्या रेषेवर पडल्या की तक्ता कितीही वेळ बघत बसलात तरी त्या वेगळ्या होत नाहीत. तक्ता एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो: सप्टेंबरमध्ये सगळे पुन्हा १०-१२ वर आले, म्हणजे जुलैत होते साधारण तिथेच. सवलतीने सवय लागली असती तर सप्टेंबर वर राहिला असता.

शोधायचंच असेल तर तक्त्याच्या तारखेला दिवाळी समोर आहे. २० ऑक्टोबरच्या पहाटे नरकासुराचे पुतळे जळतील, त्याआधी या सहा गटांतल्या १,०७० ग्राहकांपैकी सम क्रमांकवाल्यांना कूपन पाठवा आणि विषमवाल्यांना तोच संदेश कूपनाशिवाय. दिवाळी दोघांनाही सारखीच, फरक फक्त कूपनाचा. दोन्हीकडे साधारण ५३५ जण येतील आणि विसेक टक्के खरेदी करतील असं धरलं, तर पाच टक्क्यांच्या आतला फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. २० विरुद्ध २२ आलं तर काही सिद्ध झालं नाही असंच म्हणायचं. आणि निकाल ऑक्टोबरवर थांबवू नका. कूपनवाल्यांनी डिसेंबरचे काजू आत्ताच घेऊन ठेवले असतील तर ते नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दुसऱ्या निम्म्यापेक्षा कमी येतील.

राहिला ऑगस्टचा गट

२६० जण, सगळ्यात मोठा गट आणि पूर्ण झालेल्या म१ मध्ये सगळ्यात कमी. जाहिरातीला दोष देण्याआधी ऑर्डरीतले फोन नंबर बघा. चवथीला मुंबईतला मुलगा पेडण्याला आईकडे सामान पाठवतो, तेव्हा डिलिव्हरीसाठी आईचा नंबर टाकतो. ग्राहक डिलिव्हरीच्या नंबरावरून ओळखत असाल तर एप्रिलपासूनचा तो जुना ग्राहक ऑगस्टमध्ये 'नवा' होतो, आणि ती 'नवी' आई सप्टेंबरमध्ये अर्थातच परत येत नाही. एकाच चुकीने एप्रिलचा ऑगस्टमधला आकडा कमी होतो आणि ऑगस्टचा गट फुगतो. पैसे भरणाऱ्याचा नंबर किंवा ईमेल धरून यादी जुळवा. २६० पैकी ४० जण असे जुनेच निघाले, आणि त्यांतलं कुणी सप्टेंबरच्या २६ जणांत नसेल, तर २२० पैकी २६ म्हणजे १२ टक्के होतात, सप्टेंबरमध्ये जुलैच्या गटाचे होते तेवढेच. त्यानंतरही शंका उरली तर ऑगस्टची ओळ नोव्हेंबर संपल्यावर, तिचे तीन महिने पूर्ण झाल्यावर वाचा.